काटा लागला, आठवड्यात लाल गाठ आली, हात लावला की रक्त: पायोजेनिक ग्रॅन्युलोमाची तपासणी कशी करून घ्यावी

सांगोल्याकडच्या एखाद्या डाळिंब बागायतदाराचा नमुना घेऊ. वय अडतीस. छाटणी करताना कात्री उजव्या हातात, फांदी डाव्या हातात, आणि काटा डाव्या तर्जनीच्या पेरात घुसतो. काटा निघतो, दोन दिवस ठणका लागतो, मग कामाच्या घाईत विसर पडतो. आठ-दहा दिवसांनी त्याच जागी लाल ठिपका दिसू लागतो. आणखी दोन आठवड्यांत तिथे डाळिंबाच्या दाण्याएवढी ओलसर, लालभडक गाठ उभी राहते. दुखत फारशी नाही, पण टॉवेलचा धागा अडकला, शर्टाचं बटण लावताना घासली, की भळाभळा रक्त. गाठ एवढीशी आणि रक्त मात्र रुमाल भिजवेल इतकं, म्हणून घरातले घाबरतात.

त्वचेच्या ओपीडीत हे चित्र नेहमीचं आहे. बहुतेक वेळा ती पायोजेनिक ग्रॅन्युलोमा नावाची साधी, कर्करोग नसलेली गाठ निघते. पण "निघते" म्हणजे तपासल्यावर निघते. नुसतं बघून तसं लिहून देता येत नाही. का येत नाही आणि मग नेमकं काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

ही गाठ मुळात काय असते

जखम झाली की ती भरून काढायला शरीर तिथे नव्या केशवाहिन्या तयार करतं. जखम भरली की हे काम थांबायला हवं. या गाठीत ते थांबत नाही. केशवाहिन्यांचे पुंजकेच्या पुंजके वाढत राहतात आणि कातडीच्या वर येतात. वरचं आवरण इतकं पातळ असतं, किंवा झिजून गेलेलं असतं, की रक्तवाहिन्या जवळजवळ उघड्यावरच असतात. म्हणून जरासा धक्का लागला तरी रक्त येतं.

कित्येक रुग्णांना कसलीच जखम आठवत नाही, आणि तरीही गाठ हीच असू शकते. बोटं, ओठ, चेहरा, हिरड्या या तिच्या आवडत्या जागा. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये ती जास्त दिसते. गरोदरपणात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत, हिरडीवर येते आणि बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप आक्रसते. काही औषधांमुळेही येते: मुरुमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन, कर्करोगावरची काही औषधं, एचआयव्हीवरचं इंडिनाविर. औषधामुळे आलेल्या गाठी बहुधा नखांच्या कडेला आणि एकापेक्षा जास्त बोटांवर दिसतात.

पू मात्र यात नसतो. 1897 साली फ्रान्समध्ये पाँसे आणि दोर यांनी या गाठीचं वर्णन केलं तेव्हा त्यांना तो बुरशीचा संसर्ग वाटला होता. पुढे पू करणाऱ्या जंतूंवर संशय गेला आणि आजचं नाव चिकटलं. दोन्ही समज चुकीचे ठरले, पण अँटिबायोटिकचा कोर्स देण्याची सवय अजून गेलेली नाही. आपल्या बागायतदारालाही औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक ट्यूब मिळालेली असते. गाठ तसूभरही कमी होत नाही, कारण तिथे मारायला जंतूच नसतात. एवढ्यात दहा-बारा दिवस मात्र जातात.

पहिली पायरी: रक्त थांबवणं

स्वच्छ सुती कापड किंवा मेडिकलमध्ये मिळणारं गॉझ घ्या, गाठीवर ठेवा आणि बोटाने घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर उचलून ठेवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मधेच उचलून "थांबलं का" बघायचं नाही. लोक नेमके इथेच चुकतात: दर मिनिटाला कापड उचलतात, नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते आणि रक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटांनी थांबलं नाही तर आणखी पंधरा मिनिटं तसंच दाबा. त्यानंतरही वाहत असेल तर जवळच्या दवाखान्यात जा. रस्त्यातही दाब सोडू नका.

रक्त थांबल्यावर कापड चिकटलं असेल तर ओढू नका. साध्या पाण्याने भिजवा, मग अलगद काढा. वर वॅसलिनचा पातळ थर लावा, त्यावर गॉझ आणि सैलसर पट्टी. वॅसलिनमुळे पुढच्या वेळी पट्टी काढताना गाठ सोलली जात नाही. पट्टी रोज बदला.

ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्त जास्त वेळ वाहील. तरी ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने बोटावरच्या गाठीपायी गोळी बंद करणं हा फार महागाचा सौदा आहे. ती चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा, ते त्या हिशोबाने तयारी करतात. आणि काटा मातीत काम करताना लागला असेल, धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याच वर्षांत घेतलेलं नसेल, तर तेही विचारून घ्या.

काय लावायचं नाही, आणि का

हळद, चहापत्ती, मळलेली तंबाखू. रक्त थांबवायला हे सगळं गाठीवर दाबून आणलेले रुग्ण मी नेहमी बघतो. त्याने फार मोठं नुकसान होतं असं नाही, पण गाठीचा रंग, कड आणि पृष्ठभाग झाकला जातो आणि तपासणाऱ्याला तो लेप खरवडून काढावा लागतो. खरवडताना पुन्हा रक्त, आणि पुन्हा काही दिसत नाही.

चुना आणि सोडा एकत्र करून लावणं याहून वाईट. चामखीळ जाळायला आपल्याकडे ही जुनी युक्ती आहे. त्याने कातडी रासायनिकरीत्या भाजते, आजूबाजूची चांगली जागाही जळते, आणि गाठीचा तपासण्याजोगा भाग नष्ट होतो. दोरा किंवा घोड्याचा केस बांधून गाठ पाडण्याचंही तेच. वरचा भाग काळा पडून गळून जातो, मूळ आत राहतं. गाठ परत येते तेव्हा हातात ना तुकडा असतो, ना पहिली गाठ कशी होती याचा पुरावा.

मिठाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते अगदीच ऐकीव नाही. गाठीवर साधं मीठ ठेवून पट्टी बांधायची, रोज बदलायची, काही आठवड्यांत गाठ सुकून जाते, असे अनुभव भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले आहेत. मोबाइलवर ते फिरतंही. पण त्या रुग्णांना आधी तज्ज्ञांनी तपासलेलं होतं. मीठ निदान करत नाही. वरवर सुकलेल्या गाठीच्या खाली काय आहे हे त्याला कळत नाही. म्हणून मीठ वापरायचं की नाही हा प्रश्न निदानानंतरचा. आधी तपासणी.

नोंद ठेवा: तारीख, फोटो, पट्टी

डॉक्टरांकडे जायला दोन-चार दिवस लागणार असतील तर तेवढ्यात एक काम करून ठेवा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, गाठीचा फोटो काढा. शेजारी शाळेची पट्टी ठेवा म्हणजे मिलिमीटर दिसतील. नाणं ठेवू नका, एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारांत आली आहेत. एक फोटो वरून, एक बाजूने. गाठ देठावर आहे की सपाट, रुंद बुडाची आहे, हे बाजूच्या फोटोतच कळतं.

वाढीचा वेग निदानात खरोखर कामाला येतो. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा काही दिवसांत ते काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो आणि साधारण अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या आसपास येऊन बहुधा थबकतो. क्वचित दोन सेंटिमीटरपर्यंत जातो. महिनोन्‌महिने संथपणे, न थांबता वाढणारी लाल गाठ या चित्रात बसत नाही. "कधीपासून आहे?" या प्रश्नाला "झाले असतील दोन-तीन महिने" असं उत्तर मिळालं की डॉक्टरला या दोहोंतला फरक करता येत नाही. तारखेसकट तीन फोटो असतील तर करता येतो.

नुसत्या नजरेवर भरवसा का नाही

या गाठीसारखं दिसणारं दुसरं बरंच काही असतं. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी, पण काही आजार असे की महिनाभराचा उशीरही महागात पडतो.

सगळ्यात जास्त धाक मेलॅनोमाच्या एका प्रकाराचा. मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, आणि तो काळा असतो असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. पण काही मेलॅनोमा रंगद्रव्य जवळजवळ तयारच करत नाहीत. ते गुलाबी-लाल, ओलसर, रक्ताळणारी गाठ म्हणून उगवतात. भारतात मेलॅनोमा एकूण कमी आढळतो हे खरं. पण जो आढळतो त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखालचा असतो. म्हणजे काटे, दगड, चपलेचा घास या सगळ्या जखमांच्याच जागा. त्यामुळे "काटा लागला होता, त्याचंच आहे" हे स्पष्टीकरण दोन्हींना तितकंच चपखल बसतं. टाचेवर गाठ असलेला माणूस काट्याची गोष्ट खोटी सांगत नसतो. काटा खरंच लागलेला असू शकतो, आणि गाठ त्याची नसू शकते.

याशिवाय कातडीचा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, कापोसी सार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींचा कर्करोग, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत बार्टोनेला जंतूमुळे येणाऱ्या लाल गाठी, आणि क्वचित मूत्रपिंडासारख्या आतल्या अवयवातल्या कर्करोगाची कातडीवर आलेली गाठ, हे सगळं या रूपात समोर येऊ शकतं. बार्टोनेलाच्या गाठींना नेमकी अँटिबायोटिकच लागतात, सुरी नाही. दिसायला सारख्या, उपचार उलटे.

डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग असतं, साधारण दहापट मोठं दाखवणारं. त्यातून पायोजेनिक ग्रॅन्युलोमा बघितला की एकसारखा लाल भाग, भोवती पांढरट कडा आणि मधून गेलेल्या पांढऱ्या रेषा दिसतात. हे सगळं दिसलं की डॉक्टरचा जीव जरा भांड्यात पडतो. पण पूर्ण नाही. अशीच चिन्हं दाखवणारे मेलॅनोमा नोंदले गेले आहेत, आणि म्हणून भिंगाचं मत हे मतच राहतं. निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा.

डॉक्टरांसमोर: काय सांगायचं, ते काय बघतील

आपला बागायतदार आता सोलापुरात त्वचारोग ओपीडीत बसला आहे. संवाद साधारण असा होतो.

"काय लावलंय यावर?"

"पहिल्यांदा हळद, डॉक्टरसाहेब. मग मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब."

"या जागी आधी तीळ, डाग, काही होतं का?"

"नव्हतं काही."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"कसल्या नाहीत."

तिळाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. आधी काळा डाग होता आणि त्यात लाल गाठ उगवली, हे उत्तर आलं की सगळा बेत बदलतो. म्हणून आठवून सांगा. गरज पडली तर घरच्यांना विचारून घ्या, तळपायावरचा डाग आपल्या आधी बायकोला किंवा आईला दिसलेला असतो. गरोदरपण, मुरुमांची किंवा कर्करोगाची औषधं, एचआयव्ही, आधी झालेला कुठलाही कर्करोग, हेही न विचारता सांगून टाका.

डॉक्टर गाठीचं बूड बघतील, कडेला तपकिरी-काळी छटा आहे का ते बघतील. गाठ नखाजवळ असेल तर नखाच्या मागच्या कातडीवर रंग पसरला आहे का हे मुद्दाम बघितलं जातं. नखातून रंग बाहेर कातडीवर येणं हे वाईट लक्षण. मग कोपराच्या आतल्या बाजूला आणि काखेत गाठी चाचपतील. बोटाच्या गाठीसाठी काखेत हात घातला म्हणून अवघडू नका, तपासणी नीट चालली आहे एवढाच त्याचा अर्थ.

संशय कशाने वाढतो? पन्नाशीपुढचं वय आणि जखमेचा इतिहास नाही. तळपाय किंवा नखाखालची जागा. टणक, रुंद बूड. कडेला रंग. काढूनही परत आलेली गाठ. तीन महिने उलटून गेले तरी वाढतेच आहे. यातलं एकही लक्षण नसलं तरी तुकडा तपासायला जातो, हे मात्र लक्षात असू द्या. ही यादी "घाई किती करायची आणि कशा पद्धतीने काढायची" एवढंच ठरवते.

अपवाद आहेत. गरोदर बाईच्या हिरडीवरची गाठ दंतवैद्य बघून, दात साफ करून, बाळंतपणापर्यंत थांबू शकतात. रक्त फारच येत असेल तरच ती काढतात. लहान मुलाच्या गालावरची बारीक, ठरावीक रूपाची गाठ असेल तर काही डॉक्टर आधी टिमोलॉलचे थेंब लावून बघतात. ते मुळात काचबिंदूचं औषध, आणि त्याला आठवडे लागतात. थांबायचा हा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरने घ्यायचा असतो, शेजारच्या काकूंनी नव्हे.

गाठ काढण्याचा दिवस

बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. या सगळ्यात खरं दुखतं ते हेच, तेही काही सेकंद. पाच-दहा मिनिटांत बोट बधिर होतं. मग बोटाच्या मुळाशी रबराचा आवळ बसवून रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवतात, नाहीतर रक्तात काही दिसत नाही. काम झाल्यावर तो आवळ काढला गेला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पट्टीखाली विसरलेला आवळ बोट गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. क्वचित घडतं, पण बघायला काय जातं?

पुढे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला, गाठ कातडीच्या पातळीवर कापून किंवा क्युरेट नावाच्या धारदार चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढायची आणि बूड कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, शेकायचं. टाके नाहीत, वीस-पंचवीस मिनिटांचं काम, जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. दुसरा, गाठ मुळासकट, कातडीच्या पूर्ण जाडीनिशी कापून टाके घालायचे. यात गाठ परतण्याचं प्रमाण सर्वांत कमी, पण बोटाच्या पेरावर कातडी मुळातच ताणलेली असते. टाक्यांचा व्रण राहतो आणि टाके दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात.

संशय नसेल तर बोटावर पहिला रस्ता चालतो. संशय असेल तर दुसरा, किंवा निदान खोलवरचा तुकडा. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मेलॅनोमा निघाला तर पुढचं सगळं, किती कातडी काढायची, काखेतली गाठ तपासायची का, हे त्याच्या जाडीवर ठरतं, आणि ती जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरपर्यंतचा आणि चार मिलिमीटरच्या पुढचा, यांची भवितव्यं फार वेगळी. गाठ मधोमध कापून उरलेलं बूड जाळून टाकलं तर खरी जाडी नंतर कुणालाच मोजता येत नाही.

लेझर आणि द्रव नायट्रोजनने गोठवणं हेही उपचार आहेत आणि गाठ जातेही. पण त्यात तपासायला काही उरत नाही. जाहिरातीत "विना टाके, विना डाग, दहा मिनिटांत" असं वाचाल तर एकच प्रश्न विचारा: "आधी तुकडा घेणार ना?" हो म्हणाले तर ठीक. "याची गरज नसते हो" म्हणाले तर दुसरं दार ठोठवा.

बरणी

कापलेला तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनच्या छोट्या बरणीत जातो. द्राव तुकड्याच्या साधारण दहापट हवा, तुकडा पूर्ण बुडलेला हवा. आपल्याकडे बरेचदा ही बरणी नातेवाइकाच्याच हातात देतात आणि "लॅबमध्ये देऊन या" सांगतात. म्हणून ही माहिती डॉक्टरांइतकीच तुम्हालाही लागते.

बरणी हातात आली की तिथल्या तिथे लेबल वाचा. नाव, वय, तारीख, आणि जागा: डावी तर्जनी, पेर. नुसतं "बोट" लिहिलेलं असेल तर पूर्ण लिहून घ्या. लेबल बरणीवर हवं, झाकणावर नको, झाकणं बदलली जातात. सोबतच्या चिठ्ठीवर काटा लागल्याचा इतिहास, किती आठवडे झाले आणि डॉक्टरांचा अंदाज लिहिलेला असावा. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नाही, चिठ्ठीच दिसते.

फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवायची गरज नाही, आणि गोठवायची तर मुळीच नाही, पेशी फुटतात. सलाइनमध्ये किंवा साध्या स्पिरिटमध्ये तुकडा टाकून दिला असेल तर लगेच बोला. सलाइनमध्ये तुकडा टिकत नाही, काही तासांत सडायला लागतो. बरणी पिशवीत उभी ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका, झाकण उघडून वास घेऊ नका, डोळे झोंबतात. लॅबमध्ये दिल्यावर पावती घ्या आणि तिच्यावरचा क्रमांक जपा.

तिथे तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप करतात, रंगवतात आणि बघतात. रिपोर्टला साधारण चार ते सात दिवस लागतात. शंका आली आणि पेशींचे विशेष रंग लावावे लागले तर आणखी काही दिवस. उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं, असं समजू नका.

घरी जखमेची निगा

पहिले चोवीस तास पट्टी कोरडी ठेवा आणि हात शक्यतो वर. त्यानंतर रोज साबण-पाण्याने हलकेच धुवा, टिपा, वॅसलिन, नवी पट्टी. शेतात जायचंच असेल तर बोटावर प्लॅस्टिकचं आवरण घाला. फवारणीला मात्र जखम भरेपर्यंत दुसऱ्याला पाठवा. थोडासा पिवळट ओलावा चालतो. बोट सुजून लाल होणं, ठणका वाढत जाणं, ताप, पू, यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आता अँटिबायोटिकची खरी गरज असू शकते.

रिपोर्ट कसा वाचायचा

"लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा" असं लिहिलेलं असेल तर ते याच गाठीचं शास्त्रीय नाव, गोंधळू नका. सोबत बहुधा केशवाहिन्यांचे पुंजके, वरचा भाग झिजलेला, पेशींत विकृती नाही, असं वर्णन असतं. आपल्या बागायतदाराचा रिपोर्ट असाच आला. विषय तिथे जवळजवळ संपला.

अडचणीचा रिपोर्ट वेगळा असतो: "झिजलेली ग्रॅन्युलेशन टिश्यू, लक्षणांशी ताडून पाहावे." ग्रॅन्युलेशन टिश्यू म्हणजे भरत्या जखमेतला लाल, मऊ भाग. हे निदान नाही. बरेचदा तुकडा फार वरवरचा घेतला गेल्यामुळे खालचं काही आलेलंच नसतं. असा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून घरी जाऊ नका. डॉक्टरांना विचारा की तुकडा पुरेसा खोल होता का, आणि गाठ पूर्ण गेली आहे का. तळपाय किंवा नखाखालची गाठ असेल तर पुन्हा, खोल तुकडा घ्यायला सांगणं योग्य.

मेलॅनोमा किंवा दुसरा कर्करोग लिहून आला तर त्याच लॅबमधून मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. त्यासाठीच ती पावती जपायची. कर्करोग रुग्णालयात तेच पुन्हा तपासतात, आणि ठोकळा हाताशी असला की पुन्हा कापाकापी वाचते.

गाठ परत आली तर, किंवा आधीच जाळून झाली असेल तर

बूड शेकून काढलेली गाठ काही आठवड्यांत त्याच जागी परत उगवू शकते. मुळाशी चार केशवाहिन्या जरी राहिल्या तरी पुरे असतात. क्वचित एका गाठीच्या जागी भोवती बारीक बारीक अनेक येतात, आणि तेव्हा घरचे धसकतात, पण तेही याच आजाराचं एक ओळखीचं रूप आहे. पहिला रिपोर्ट साफ असला तरी दुसऱ्या वेळचा तुकडाही बरणीतच जायला हवा, आणि पॅथॉलॉजिस्टला पहिल्या काचपट्ट्या दुसऱ्यांदा बघायची विनंती करावी. यावेळी मुळासकट काढून टाके घालणं जास्त बरं.

आणि ज्यांनी गाठ आधीच कुठेतरी जाळून घेतली आहे, तुकडा गेला आहे, रिपोर्ट नाही, त्यांनी घाबरून त्या जागेचा नवा तुकडा काढायला धावू नये. जागा भरून सपाट झाली असेल, लहान वयात, बोटावर, जखमेनंतर आलेली गाठ असेल, तर शेजारी शाळेची पट्टी ठेवून व्रणाचा फोटो काढून ठेवा आणि वर्षभर दर महिन्याला तसाच एक फोटो काढत जा. व्रणाच्या आत किंवा कडेला नवा उंचवटा, रंग, न भरणारी जखम, किंवा काखेत-जांघेत गाठ दिसली, तर ते फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि सुरुवातीलाच सांगा की पहिली गाठ न तपासता जाळली गेली आहे. तळपायावरची, नखाखालची किंवा आधीच्या तिळातून उगवलेली गाठ अशी जाळली असेल, तर महिन्यांची वाट न बघता याच आठवड्यात दाखवा.